पैकीच्या पैकी मिळाले, आणि सरासरी घसरली

टेक्ससमधल्या एका सरकारी हायस्कुलातली अकरावीची मुलगी डोळ्यांपुढे आणा. ती शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते. वर्षभरात एकही तालीम चुकवत नाही आणि शिक्षक तिला 'ए' श्रेणी देतात. त्याहून वरची श्रेणी अस्तित्वातच नाही. ही 'ए' तिच्या नोंदीत चढते आणि तिची सरासरी खाली येते. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने त्या तासाला कुठलाच विषय घेतलेला नाही. ती मोकळी बसली, आणि तिची सरासरी होती तिथेच राहिली. क्रमवारीत मोकळी बसलेली पुढे गेली, व्हायोलिन वाजवणारी मागे पडली.

यात कुणाची लबाडी नाही, हिशेबनिसाची चूकही नाही. बेरीज बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. अमेरिकेतल्या हजारो शाळांमध्ये दर वर्षी हे असंच घडतं. ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टनच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये मूल आठवीत गेलं की जेवणाच्या टेबलावर 'रँक'चा विषय निघू लागतो तो याच हिशेबापायी. पहिल्यांदा ऐकलं की विश्वास बसत नाही. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन मांडलं की त्यातलं सौंदर्य दिसायला लागतं, आणि थोडी भीतीही वाटते.

आधी मांडणी समजून घेऊ. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. प्रत्येक विषयाच्या शेवटी अक्षर मिळतं, आणि अक्षराला गुण असतात: 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २. सगळ्या विषयांचे गुण मिळवून विषयांच्या संख्येने भागलं की जीपीए निघतो. इथवर सगळं सरळ आहे. पण एकच विषय तीन पातळ्यांवर शिकवला जातो. साधा वर्ग असतो, त्याच्या वर ऑनर्सचा, आणि त्याच्याही वर एपीचा, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा. एपीचे अभ्यासक्रम १९५५पासून कॉलेज बोर्ड नावाची संस्था चालवते, आणि त्यांची पातळी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची असते. साध्या इतिहासातला 'ए' आणि एपी इतिहासातला 'ए' एकाच मापाने मोजले तर अवघड वर्ग घेईल कोण? म्हणून शाळा वजन देतात. सगळ्यांत रुळलेली पद्धत अशी की ऑनर्सला अर्धा गुण जादा आणि एपीला एक गुण जादा. साधा 'ए' चारचा, ऑनर्सचा साडेचारचा, एपीचा पाचचा. एपीतला 'बी'सुद्धा चारचा, म्हणजे साध्या वर्गातल्या 'ए'च्या बरोबरीचा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मे महिन्यात एपीची जी देशव्यापी परीक्षा होते आणि तिच्यात एक ते पाच असे गुण मिळतात, त्यांचा या जीपीएशी संबंध नाही. जीपीएत जाते ती विषय शिकवणाऱ्या शिक्षकाने वर्षभराच्या कामावर दिलेली श्रेणी. परीक्षेत पाच मिळवणाऱ्या मुलाच्या नोंदीत वर्गातला 'बी' तसाच राहतो.

आता ऑर्केस्ट्राकडे येऊ. सरासरीचा एक साधा स्वभाव आहे. नवा आकडा चालू सरासरीपेक्षा मोठा असेल तर ती वर जाते, लहान असेल तर खाली येते. तो आकडा 'चांगला' आहे की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. क्रिकेटवाल्यांना हे सांगायची गरज नाही. १९४८मध्ये ओव्हलवर डॉन ब्रॅडमन शेवटच्या डावासाठी उतरला तेव्हा त्याची सरासरी शंभराच्या वर होती. त्या डावात तो ऐंशी धावा करून बाद झाला असता तर प्रेक्षक उभे राहिले असते आणि सरासरी मात्र घटली असती. प्रत्यक्षात तो शून्यावर बाद झाला आणि कारकीर्द ९९.९४वर थांबली. ७० वेळा बाद, ६,९९६ धावा. शंभराची सरासरी हवी तर ७० गुणिले १००, म्हणजे ७,००० धावा लागतात. त्यातून हाती असलेल्या ६,९९६ वजा केल्या की चार उरतात. त्या चार धावांची हळहळ जगाला माहीत आहे, आणि त्या चारपर्यंत पोचायची वजाबाकी हीच या लेखातली सगळी किल्ली आहे.

साध्या वर्गात चारच्या वर काही मिळूच शकत नाही. ज्या मुलीची सरासरी चारच्या वर गेली आहे तिच्यासाठी साध्या वर्गातला प्रत्येक विषय, तिने कितीही जीव ओतला तरी, खालीच ओढणार. सरासरी साडेचारच्या वर गेली तर ऑनर्समधला 'ए'सुद्धा खाली ओढायला लागतो. वजन दिल्याने अवघड विषय चढले हे खरंच, पण त्याच क्षणी सोपे विषय नुसते सोपे न राहता नुकसानीचे झाले. ही दुसरी बाजू पद्धत आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर किती होती, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि एवढ्या बारीक घसरणीची फिकीर का करायची? टेक्ससमध्ये क्रमवारी हा नुसता मानाचा विषय नाही. तो कायद्याचा विषय आहे.

१९९६मध्ये फेडरल अपील न्यायालयाने हॉपवुड खटल्यात निकाल दिला आणि टेक्ससच्या विद्यापीठांना प्रवेश देताना वंश हा घटक विचारात घेणं बंद करावं लागलं. मग रिओ ग्रँडच्या खोऱ्यातल्या, दूरच्या खेड्यांतल्या, शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमधली मुलं राज्याच्या मोठ्या विद्यापीठांत येणार कशी? प्रतिनिधी इर्मा रँगेल यांनी पुढे आणलेलं विधेयक १९९७मध्ये मंजूर झालं आणि गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली. त्याचा गाभा एका वाक्यात मावतो: प्रत्येक शाळेतल्या पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. शाळा श्रीमंत असो की गरीब, तुलना त्याच शाळेतल्या मुलांशी. मला हा कायदा आजही अतिशय देखणा वाटतो, कारण न बोलता तो खूप काही दुरुस्त करू पाहतो.

मात्र ऑस्टिनच्या विद्यापीठात या वाटेने इतकी मुलं यायला लागली की बाकीच्यांना जागा उरेना. २००९मध्ये विधिमंडळाने त्या एका विद्यापीठापुरती मुभा दिली: राज्यातल्या रहिवाशांच्या जागांपैकी ७५ टक्के आपोआप प्रवेशाने भरा, पुढे थांबा. तेव्हापासून ही रेषा आकसत गेली. २०११मध्ये ती आठ टक्क्यांवर होती, पुढे बरीच वर्षं सहावर राहिली, आणि २०२६च्या प्रवेशांपासून पाच टक्क्यांवर आली. चारशे मुलांच्या वर्गात पाच टक्के म्हणजे वीस मुलं. विसाव्या मुलाला कायद्याने दार उघडं, एकविसाव्याला अर्ज करून वाट पाहणं. त्या दोघांमधलं अंतर दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आकड्यात असतं.

आता आपली व्हायोलिनवाली मुलगी घेऊ आणि हिशेब तळापर्यंत नेऊ. टेक्ससमध्ये प्रत्येक शाळा डिस्ट्रिक्टचा नियम वेगळा असतो, कुणी पाचच्या मापाने मोजतं, कुणी सहाच्या, कुणी शंभराच्या. इथे आपण वर सांगितलेली रुळलेली पद्धत धरू: वर्षाला सात विषय, ऑनर्सला अर्धा जादा, एपीला एक जादा.

नववीत तिने तीन ऑनर्स आणि चार साधे विषय घेतले. साध्या चारांत 'ए', म्हणजे सोळा गुण. ऑनर्सच्या दोनांत 'ए', पण एकात 'बी' आला. नवी शाळा, नवं वातावरण, एखादं सत्र असं जातंच. तिथे साडेचार, साडेचार आणि साडेतीन, मिळून साडेबारा. नववीचे एकूण २८.५. दहावीत एक एपी, तीन ऑनर्स, तीन साधे, सगळीकडे 'ए': पाच, साडेतेरा आणि बारा, म्हणजे ३०.५. दोन वर्षांचे चौदा विषय, ५९ गुण. सरासरी ४.२१.

ध्येय काय? गेल्या वर्षी तिच्या शाळेत विसाव्या क्रमांकावरच्या मुलाची सरासरी ४.४० होती असं समजू. ही सरासरी तिला कधीपर्यंत गाठायची, हे बऱ्याच पालकांना उशिरा कळतं. आपोआप प्रवेशासाठी अर्जाच्या मुदतीच्या वेळची सगळ्यांत ताजी क्रमवारी धरली जाते. मुदत बारावीच्या पहिल्या सत्रातच येते, म्हणून बहुतेकांच्या बाबतीत ती क्रमवारी अकरावीच्या अखेरीची असते. बारावीत कितीही कमाल केली तरी ती या हिशेबात येत नाही. म्हणजे तिच्या हातात फक्त एक वर्ष आहे, सात विषयांचं.

आता ब्रॅडमनची वजाबाकी. अकरावीअखेर एकवीस विषय होतील. ४.४० गुणिले एकवीस म्हणजे ९२.४. हातात आहेत ५९. उरले ३३.४. हे सात विषयांत मिळवायचे, म्हणजे अकरावीची सरासरी ४.७७ हवी. इथे पहिल्यांदा छातीत धस्स होतं. ४.२१वरून ४.४०वर जायचं, अंतर दोन दशांशांपेक्षाही कमी; पण मागच्या चौदा विषयांचं ओझं सोबत असल्यामुळे या वर्षी एकदम ४.७७ची मजल मारायची. सरळ चार मिळवणाऱ्या, म्हणजे सगळे साधे विषय घेऊन सगळीकडे 'ए' आणणाऱ्या मुलीला ही मजल अशक्य आहे. सगळे ऑनर्स घेतले तरी ४.५ हीच कमाल मर्यादा. म्हणजे ध्येयाने श्रेणी ठरवण्याआधी विषय ठरवून टाकले.

तिचं अकरावीचं वेळापत्रक असं: एपी इंग्रजी, एपी अमेरिकेचा इतिहास, एपी गणित, एपी भौतिकशास्त्र, एपी कम्प्युटर सायन्स, ऑनर्स स्पॅनिश आणि ऑर्केस्ट्रा. सगळीकडे 'ए' मिळाला तर पंचवीस, साडेचार आणि चार, एकूण ३३.५. हवे होते ३३.४. जमलं! पण गुण अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने वाढतात, त्यामुळे ३३.५ ही तिच्यासाठी नेमकी शेवटची पायरी आहे. सातांपैकी एकाही विषयात 'बी' आला की एक गुण जातो, ३२.५ उरतात, आणि सरासरी ४.३६वर थांबते.

समजा तिने ऑर्केस्ट्रा सोडून सहावा एपी घेतला. सगळे 'ए' आले तर ३४.५. एक 'बी' आला तरी ३३.५, म्हणजे तरीही पार. इथे पेन खाली ठेवून थोडा वेळ या दोन आकड्यांकडे पाहत राहावं असं मला वाटतं. ऑर्केस्ट्राची किंमत या पद्धतीत अगदी नेमकी सांगता येते: एक 'बी'. व्हायोलिन ठेवायचं असेल तर तिला वर्षभर कुठेही घसरण्याची परवानगी नाही. व्हायोलिन सोडलं तर एका विषयात घसरण्याची परवानगी मिळते. नववीतला तो एकुलता 'बी'ही याच किमतीचा होता. तो 'ए' असता तर हाती साठ गुण असते, गरज ३२.४ची राहिली असती, आणि ऑर्केस्ट्रा ठेवूनही अकरावीत एक 'बी' चालला असता. चौदा वर्षांच्या मुलीचा एका सत्रातला गोंधळ दोन वर्षांनी व्हायोलिनच्या पेटीवर येऊन बसतो.

आणि तिसरी वाट, तो तास मोकळा ठेवण्याची. पाच एपी आणि एक ऑनर्स मिळून २९.५, जुने ५९, एकूण ८८.५; भागिले वीस, कारण विषय एक कमी. सरासरी ४.४२५. ऑर्केस्ट्रासह ती ४.४०५ होती. काहीही न करणारी मुलगी दोन शतांशांनी पुढे. सुरुवातीला सांगितलेलं कोडं हे असं सुटतं: अंशात चार वाढले, पण छेदात एक वाढला, आणि त्या एकाला चार पुरले नाहीत.

आता अडचण अशी की ४.४० हा गेल्या वर्षीचा आकडा आहे. रेषा कुणी आखून ठेवलेली नाही. विसाव्या मुलाची जी सरासरी असेल ती रेषा. यंदा तो विसावा मुलगाही असाच कागद-पेन घेऊन बसला असेल. रेषा ४.४०वरून ४.४३वर सरकली तर आपल्या मुलीला ३४.०३ गुण लागतील, अर्ध्याच्या पायरीने म्हणजे ३४.५. तीन शतांशांच्या या हालचालीने ऑर्केस्ट्रा ठेवण्याची वाट पूर्ण बंद होते, आणि सहा किंवा सातही एपी घेऊन सगळ्यांत 'ए' आणण्याशिवाय पर्याय राहत नाही. सातही विषय एपी घेऊन सगळीकडे 'ए' मिळवले तर तिची सरासरी ४.४८ होते. ते तिचं छत आहे. रेषा त्याच्यावर गेली तर मेहनतीने काही होणार नाही, कारण निकाल नववी-दहावीच्या वेळापत्रकातच लागून गेला होता. लक्ष्य ठेवण्याआधी हे छत मोजावं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुष्कळ घरांतले वर्षभराचे वाद त्याने टळतील.

दुसरी गंमत पायऱ्यांची. एकवीस विषयांनंतर अर्धा गुण म्हणजे सरासरीत ०.०२४. त्यामुळे ४.३० ते ४.५० या पट्ट्यात जेमतेम नऊच वेगवेगळ्या सरासऱ्या संभवतात. चारशेच्या वर्गातली चाळीसेक हुशार मुलं त्या नऊ पायऱ्यांवर दाटीवाटीने उभी राहिली तर एका पायरीवर चार-पाच जण येणारच. विसावा क्रमांक अशा एका पायरीच्या मधोमध आला तर कुणाला आत घ्यायचं? ही दाटी टाळायला कित्येक डिस्ट्रिक्ट अक्षरं सोडून थेट शंभरापैकी गुणांवर सरासरी काढतात. मग ९३ आणि ९७ एकच 'ए' राहत नाहीत, पायऱ्या बारीक होतात आणि बरोबरी जवळजवळ संपते. पण मग प्रत्येक चाचणीतला प्रत्येक गुण क्रमवारीत उतरतो. अक्षरांच्या पद्धतीत ९४वर निश्चिंत झोपणारं मूल इथे ९८साठी जागतं.

जादा गुण अर्धा आणि एकच का, पाऊण आणि दीड का नाही? ही वजनं मुळात कुठल्या मोजमापातून आलेली नाहीत, शाळांनी सोयीने ठरवली. पण २००७मध्ये हार्वर्डचे फिलिप सॅडलर आणि व्हर्जिनिया विद्यापीठाचे रॉबर्ट ताय यांनी त्यांची परीक्षा घेतली. ५५ कॉलेजांमधले साडेसात हजारांहून अधिक विद्यार्थी, पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. हायस्कुलात कुठल्या पातळीच्या वर्गात कुठली श्रेणी मिळवलेला विद्यार्थी कॉलेजात कसा ठरतो, हे त्यांनी ताडून पाहिलं. निष्कर्ष चकित करणारा होता: निदान विज्ञानापुरतं तरी एपीला एक आणि ऑनर्सला अर्धा, हेच वजन खऱ्या फरकाशी जुळत होतं. अंदाजाने मारलेला दगड नेमका लागला होता.

वजन जास्त झालं की काय होतं तेही दिसलं आहे. नॉर्थ कॅरोलायनात ऑनर्सला एक आणि एपीला दोन गुण जादा मिळत. म्हणजे एपीतला 'सी' साध्या वर्गातल्या 'ए'च्या बरोबरीला. अवघड वर्गात नुसतं बसून राहणं हे सोप्या वर्गात उत्तम काम करण्याइतकंच मोलाचं ठरत होतं. २०१५-१६ला नववीत आलेल्या मुलांपासून राज्याने ही वजनं निम्मी केली. माप चारचं, पाचचं की सहाचं, याने क्रमवारीत काही फरक पडत नाही. सगळ्यांच्या गुणांत सारखी भर घातली तर कुणी कुणाच्या पुढे-मागे होत नाही. फरक पडतो तो जादा गुण आणि 'ए'-'बी'मधलं अंतर यांच्या प्रमाणाने. एखाद्या डिस्ट्रिक्टचा नियम वाचताना मी आधी तेवढंच शोधतो.

मग ऑर्केस्ट्राचं काय करायचं? यावर उपाय आहेत. टेक्ससचा पदवीचा नियम प्रत्येकाकडून शारीरिक शिक्षणाचं आणि कलेचं एकेक क्रेडिट मागतो, म्हणजे चारचे विषय घेणं टळत नाही. म्हणून अनेक डिस्ट्रिक्ट क्रमवारीच्या हिशेबात फक्त इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि परकी भाषा धरतात. बाकीचे विषय गुणपत्रिकेवर असतात, क्रमवारीत नसतात. व्हायोलिन सुटलं! पण मग प्रत्येक डिस्ट्रिक्टला ठरवावं लागतं की एपी संगीतशास्त्र आत की बाहेर, कम्प्युटर सायन्स आत की बाहेर, आणि आठवीतच हायस्कुलाचं बीजगणित करून आलेल्या मुलाचा तो विषय धरायचा की नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. सरासरी काढताना वजन द्यायचंच नाही. सगळ्यांचा 'ए' चारचाच. सरासरी निघाली की तिच्यात प्रत्येक एपीमागे आणि ऑनर्समागे एक छोटी ठरलेली रक्कम वरून मिळवायची. इथे ऑर्केस्ट्रातला 'ए' सरासरीला कधीच खाली ओढू शकत नाही, कारण साधी सरासरी चारच्या वर जातच नाही, आणि जादा गुण भागाकारानंतर येत असल्याने छेद त्यांना पातळ करत नाही. एका ओळीची जागा बदलली, आधी भागा मग मिळवा एवढंच केलं, आणि कोडं नाहीसं झालं. त्याची स्वतःची खोट आहेच: जादा गुण विषयांच्या संख्येवर मिळतात, त्यामुळे उन्हाळ्यात किंवा ऑनलाइन आणखी एपी गोळा करणाऱ्याचा फायदा होतो. त्यावर संख्येला मर्यादा घालता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी स्वतःचा जीपीए काढतं तेव्हा तसंच करतं: जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांचे, पुढचे मोजायचे नाहीत.

इतकं करूनही एक वाट उघडी राहते. कायदा मुलाची तुलना त्याच शाळेतल्या मुलांशी करतो, म्हणून काही कुटुंबं शाळाच बदलतात. ज्युली कलन, मार्क लाँग आणि रँडल रीबॅक या अर्थशास्त्रज्ञांनी टेक्ससची आकडेवारी तपासून हे दाखवून दिलं: दहा टक्क्यांत येण्याची शक्यता वाढावी म्हणून काही मुलं कमी चुरशीच्या शाळेत नाव घालत होती. गुण तेच ठेवून भोवतालचे स्पर्धक बदलले की क्रमांक बदलतो.

टेक्ससमध्ये तुमचं कुणी आठवी-नववीत असेल तर डिस्ट्रिक्टचं क्रमवारीचं धोरण आताच मिळवा. ते लेखी असतं आणि कुणालाही मागता येतं. त्यात तीन गोष्टी पाहा: कुठले विषय क्रमवारीत धरतात, जादा गुण भागाकाराच्या आधी मिळवतात की नंतर, आणि कुठल्या सत्रापर्यंतची नोंद विद्यापीठाला जाते. त्यावरून छत काढा, आणि मगच मुलाला एखादा विषय सोडायला सांगायचं की नाही ते ठरवा. माझं मत विचाराल तर एका 'बी'च्या किमतीत व्हायोलिन मिळत असेल तर ते ठेवावं.

आणि ज्या घरांत हा सगळा खटाटोप कम्प्युटर सायन्ससाठी चालतो त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या पाच टक्क्यांत आलेल्या मुलाला ऑस्टिनच्या विद्यापीठात आपोआप प्रवेश मिळतो, पण हव्या त्या शाखेत मिळतो असं नाही. कम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंगच्या जागा संपूर्ण अर्ज वाचूनच दिल्या जातात, आणि त्या अर्जात व्हायोलिनची चार वर्षंही लिहिता येतात.